कानाला दोनदा फसवणारे यमक

पुढची ओळ डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा, आणि शब्द तोडू नका: नसमजेसमजेमनितेकसे.

बहुतेकांच्या कानाला आधी 'न समजे' ऐकू येईल, म्हणजे 'समजत नाही'. लगेच पुन्हा 'समजे' येते आणि गाडी अडते. समजत नाही, समजते, मनात ते कसे? काहीतरी चुकले म्हणून कान मागे जातो आणि ओळ नव्याने तोडतो: 'न सम जे, समजे मनि ते कसे'. जे आपल्या बरोबरीचे नाही, ते मनाला कळणार कसे! अर्थ लागला. गंमत अशी की आधी ऐकलेले चुकीचे 'न समजे' पूर्ण पुसले जात नाही. ते खालच्या आवाजात वाजत राहते.

ही ओळ या लेखासाठी रचली आहे. तिचा पूर्ण श्लोक असा:

जलधि सांग कधी कुणि मोजला,
तळ तयात कुणी कधि शोधला?
उथळ हे डबके उगि का पुसे
न सम जे, समजे मनि ते कसे!

काव्य म्हणून श्लोक बेताचाच आहे, पण यमक म्हणजे काय ते दाखवायला पुरतो. मराठीत आज यमक म्हटले की ओळींच्या शेवटी जुळणारे 'मोजला–शोधला' किंवा 'पुसे–कसे' डोळ्यांसमोर येते. संस्कृत साहित्यशास्त्रात आणि आपल्या पंडित कवींच्या तोंडी यमकाचा अर्थ त्याहून अरुंद होता आणि त्याच्या अटीही कडक होत्या. स्वर आणि व्यंजने त्याच क्रमाने पुन्हा आली पाहिजेत, आणि दोन्ही ठिकाणी अर्थ असेल तर तो वेगळा असला पाहिजे. 'सम जे' आणि 'समजे' या जोडीत दोन्ही अटी पाळल्या आहेत. 'हळू हळू' हे यमक नव्हे, कारण अर्थ एकच राहतो. 'काळा कावळा कळवळला' हेही नव्हे, तो अनुप्रास झाला. अनुप्रासात व्यंजने परत आली की पुरते, स्वर कोणतेही चालतात. श्लेषात एकदाच उच्चारलेल्या शब्दाचे दोन अर्थ निघतात, तर यमकात उच्चारही दोन आणि अर्थही दोन.

शास्त्रकारांनी एक सवलत मात्र ठेवली होती. दोन्ही तुकड्यांना स्वतंत्र अर्थ असलाच पाहिजे, असे नाही. एक तुकडा पूर्ण शब्द आणि दुसरा दोन शब्दांच्या सांध्यावर पडलेला असेल, तरी चालते. खरे तर सर्वांत चांगली यमके अशीच असतात. 'सम जे' हे दोन शब्द, 'समजे' हा एक. सांधा हलला की अर्थ हलतो.

हा अलंकार फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अवघे चारच अलंकार सांगितले आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. त्यांतले पहिले तीन अर्थाचे, आणि शब्दाचा असा हा एकटा. पुढे अलंकारांची संख्या शंभरापर्यंत गेली, पण भरताने यमकाचेच दहा प्रकार सांगून ठेवले होते. कांची, समुद्ग, चक्रवाल, माला अशी त्यांची नावे. आवृत्ती चरणाच्या आरंभी येते, मध्ये येते की शेवटी, आणि किती लांबीची येते, यावरून हे प्रकार पाडलेले आहेत. ते सगळे इथे उलगडत बसलो तर वाचक पळून जाईल. त्यापेक्षा एकच जागा नीट पाहू.

वरचा श्लोक द्रुतविलंबित वृत्तात आहे. न, भ, भ, र हे गण शाळेत पाठ केलेल्यांना आठवतील. बारा अक्षरांचा चरण, लघुगुरूंचा क्रम ल ल ल गा ल ल गा ल ल गा ल गा. गणांच्या चौकटी बाजूला ठेवून हा क्रम जरा वेगळा तोडून पाहा. पहिला एकटा लघु सोडला, तर पुढे 'ल ल गा, ल ल गा, ल ल गा' असा एकच ठेका तीनदा येतो आणि 'ल गा'वर चरण संपतो. म्हणजे वृत्ताच्या पोटातच आवृत्ती आहे. दुसऱ्या ते चौथ्या अक्षरांना एक ठेका, पाचव्या ते सातव्या अक्षरांना तोच ठेका. त्या दोन खाचांमध्ये तीच तीन अक्षरे बसवली की यमक तयार होते, आणि ते मुद्दाम बसवले आहे असे वाटत नाही, कारण ठेका आधीपासून कानात असतो. आपल्या ओळीत 'न' एकटा, मग 'सम जे', मग 'समजे', मग 'मनि ते', शेवटी 'कसे'.

ही जागा कालिदासाने हेरली होती. रघुवंशाच्या नवव्या सर्गाचे पहिले ५४ श्लोक द्रुतविलंबितात आहेत आणि प्रत्येकाच्या चौथ्या चरणात याच खाचांमध्ये तीन अक्षरांचे यमक आहे. विषय दशरथाचे राज्य आणि मग वसंताचे आगमन. पहिले तीन चरण साधे चालतात, चौथ्यात दुहेरी ठोका पडतो, श्लोक संपतो. दोनचार श्लोकांनंतर ऐकणाऱ्याला कळते की आता चौथ्या चरणात काहीतरी होणार आहे, आणि तो कान टवकारून बसतो. मृदंग वाजवणारा समेवर येताना जे करतो, ते इथे कवी अक्षरांनी करतो. पुढे माघानेही शिशुपालवधाच्या सहाव्या सर्गात ऋतूंचे वर्णन याच वृत्तात यमके घालून केले.

नवव्या सर्गात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती यमक थांबते ती जागा. पंचावन्नाव्या श्लोकापासून वृत्त बदलते आणि हा खेळ बंद होतो. दशरथ मृगया करत रानात खोल शिरतो, आणि सर्गाच्या शेवटी घडा भरण्याचा आवाज हत्तीचा समजून बाण सोडतो. तपस्व्याचा मुलगा मरतो, आंधळे आईबाप शाप देतात. त्या भागात चौथ्या चरणाची ती ठरलेली करामत नाही. कालिदासाला जमले नसते, असे कोण म्हणेल? राज्याच्या भरभराटीला आणि वसंताला जे शोभते, ते मरणाच्या प्रसंगी शोभत नाही, एवढेच.

चारेकशे वर्षांनी, नवव्या शतकात, काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त याच गोष्टीचा नियम केला. शृंगारात, आणि विशेषतः विरहाच्या शृंगारात, यमक घालणे हा कवीचा गाफीलपणा आहे, मग त्या कवीची शक्ती कितीही असो, असे त्याचे मत. त्याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. रस उभा करण्याच्या ओघात जो अलंकार आपोआप येतो, तोच खरा. ज्यासाठी कवीला वेगळे कष्ट घ्यावे लागतात, तो रसाच्या वाटेत येतो. यमकाला वेगळे कष्ट लागतातच. शब्द शोधावे लागतात, सांधे जुळवावे लागतात, आणि तेवढा वेळ कवीचे लक्ष विरहिणीवर नसते. ऐकणाऱ्याचेही नसते. तो 'सम जे की समजे' करत बसतो. त्याच्याही आधी दंडीने 'काव्यादर्शा'त, यमक सर्वस्वी मधुर नसते म्हणून ते पुढे पाहू, असे म्हणून विषय मागे ढकलला होता. मग तिसऱ्या परिच्छेदात मात्र त्याचे प्रकार भरभरून दिले. पंडितांचे असेच असते: नापसंत म्हणायचे आणि पानेच्या पाने लिहायची.

आनंदवर्धनाच्या नियमाला एक अडचणीचे काव्य आडवे येते. घटकर्पर नावाचे विसेक श्लोकांचे छोटे काव्य आहे. पावसाळ्यात एकटी पडलेली स्त्री मेघांकडून पतीला निरोप देते. विषय निखळ विरहाचा, आणि काव्य यमकांनी भरलेले. शेवटी कवी पैज लावतो की यमकात मला जो हरवेल, त्याच्या घरी मी फुटक्या घड्याच्या खापराने पाणी भरीन. घटकर्पर म्हणजे तेच खापर, आणि कवीचे नावही तेच पडले. ध्वन्यालोकावर 'लोचन' ही टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्ताने या काव्यावरही टीका लिहिली. म्हणजे नियम जाणणाऱ्या माणसालाही नियम मोडणारे काव्य टाकून द्यावेसे वाटले नाही.

यमक फसते कसे, तेही पाहू. त्यासाठी आणखी एक चरण रचतो:

न कमला कमलासम ला मला

अक्षरे मोजा, बारा भरतील. लघुगुरू तपासा, द्रुतविलंबित बिनचूक आहे. 'कमला' दोनदा आले, पहिल्यांदा लक्ष्मी या अर्थाने, दुसऱ्यांदा 'कमलासम'चा तुकडा म्हणून. शिवाय पुढे 'म ला म ला' अशी आणखी एक आवृत्ती फुकट मिळाली. शास्त्राच्या कसोटीवर यमक उत्तम, पण अर्थाच्या नावाने शून्य. टीकाकार मागे हटणार नाही. तो म्हणेल, 'ला' हा धातू घेण्याच्या अर्थी आहे, इथे 'दे' असा घ्यावा, आणि 'लक्ष्मी मला कमळासारखी वाटत नाही' असा भाव अध्याहृत धरावा. असे आधार मिळतात. संस्कृतात एकेका अक्षराचे अर्थ देणारे कोशही आहेत. पण अर्थ बाहेरून आणावा लागला की यमक मेले असे समजावे. कान मागे जातो, आणि मागे गेल्याचे बक्षीस त्याला मिळत नाही.

चांगले आणि वाईट यमक ओळखायची हीच खूण मी धरतो. आवृत्ती ऐकून मागे वळल्यावर ओळ उलगडते का? 'न सम जे' उलगडते, कारण त्यातला प्रत्येक शब्द रोजच्या ओळखीचा आहे आणि नवी तोड करताच वाक्य सरळ होते. दुसऱ्या चरणात मागे वळून काहीच हाती लागत नाही. या टोकाला नेलेली उदाहरणे मोठ्या कवींकडेही आहेत. भारवीच्या किरातार्जुनीयात, पंधराव्या सर्गात, एका श्लोकाचे चारही चरण अक्षरशः एकच आहेत. भरताच्या यादीत अशा प्रकाराला चतुर्व्यवसित असे नाव आहे. तोच चरण चार वेळा म्हणायचा आणि चार वेळा वेगळा तोडायचा. टीकेशिवाय तो कोणालाच कळत नाही, आणि तो कळावा म्हणून लिहिला असेल असेही मला वाटत नाही. युद्धाचे वर्णन चालू आहे, शस्त्रे परजून दाखवावीत तसे कवी अक्षरे परजतो आहे.

एवढी कडक आवृत्ती जमावी म्हणून शास्त्राने काही सवलती दिल्या. यमकात ब आणि व एक मानावेत, ड आणि ल एक, र आणि ल एक. एखादा अनुस्वार किंवा विसर्ग जास्तीचा आला तर दुर्लक्ष करावे. मराठीत मात्र एक वेगळी अडचण उभी राहते, जी संस्कृताला नाही. आपल्याकडे च, ज, झ यांचे उच्चार दोन आणि अक्षर एक. 'जीवन'मधला ज तालव्य, 'जग'मधला दंततालव्य. आपल्या ओळीतल्या 'जे'चा ज सगळेच तालव्य म्हणतात, पण 'समजे'चा ज बरेच लोक 'समजणे'च्या वळणावर, दंततालव्य उच्चारतात. तसे म्हटले की यमक डोळ्यांना पूर्ण दिसते आणि कानाला किंचित कुरकुरते. श्लोक चालीवर म्हणताना हे खपून जाते, बोलण्याच्या लयीत खपत नाही. म्हणून मराठीत यमक रचताना च-ज-झ टाळलेले बरे.

मराठीत या अलंकाराने खरे घर केले ते सतराव्या-अठराव्या शतकांत, पंडित कवींच्या हाती. वामन पंडिताला तर 'यमक्या वामन' हेच नाव पडले. पण यमकाची रोजची, राबती जागा घडवली ती मोरोपंतांनी (१७२९–१७९४). पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिले आणि त्यांनी सगळे महाभारत आर्यांत आणले. त्यांची आर्या म्हणजे बहुतेक वेळा गीती: प्रत्येक अर्धात आधी १२ मात्रा, मग १८. या दोन अर्धांच्या शेवटी, समोरासमोर, ते यमक ठेवतात. शेवटचे एखादे अक्षर जुळवून ते थांबत नाहीत, तीनचार अक्षरांचा गटच्या गट परत आणतात. पंतांच्या आर्या छापील मिळतात, त्या मुळातूनच वाचाव्यात. इथे त्या घाटाची एक स्वतंत्र आर्या:

दुसऱ्यासाठी झिजती, थोडे दिसती जगात मानव ते;
त्यांच्यावाचुन तुजला कोठे थारा असेल, मानवते?

सुविचार म्हणून शाळेच्या फळ्यावर सहज खपेल. पण तिचे काम कसे चालते ते पाहा. 'मानव ते' या चार अक्षरांच्या मात्रा सहा. पहिल्या अर्धाच्या शेवटी ती दोन शब्दांत पडतात, दुसऱ्याच्या शेवटी एका शब्दात, आणि तोही संबोधनात. माणसे संपतात तिथेच माणुसकीला हाक सुरू होते. 'त्यांच्यावाचून थारा नाही' हे विधान ओळीत आहेच, पण आवाजानेही तेच केले: 'मानव ते' हे शब्द नसते, तर 'मानवते' ही हाक निघालीच नसती. 'मानवते'च्या जागी 'करुणे' किंवा 'सुजनते' घालून पाहा. अर्थ जवळपास तोच राहील, पण हा पुरावा जाईल. यमकाने काही वाढवले की नाही, हे असे शब्द बदलून कळते.

याची किंमतही मोजावी लागली आहे. सरळ गद्यात आपण 'ते मानव' म्हणू, इथे 'मानव ते' असे उलटे म्हणावे लागले. 'वाचून'चे 'वाचुन' झाले. एवढी किंमत कोणीही देईल. पण हजारो आर्या रचणाऱ्याला ती प्रत्येक वेळी इतकी स्वस्त पडत नाही. मग 'हो', 'बा', 'की', 'पै' असे शब्द भरतीला येतात, कुठे बोलीत कधी न ऐकलेला संस्कृत शब्द शेवटी येऊन बसतो, कुठे क्रियापद आपले वाक्य सोडून भलतीकडे जाते. पंतांच्या आर्या क्लिष्ट वाटतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते. अर्थ अडला तर आधी अर्धाचा शेवटचा शब्द पाहावा. अडसर बहुधा तिथेच असतो, आणि तो शब्द तिथे का आला याचे उत्तर दुसऱ्या अर्धाच्या शेवटी मिळते.

तरीही या आर्या कीर्तनकारांनी उचलल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या, याला मोठे कारण यमकच. पाठांतर करणाऱ्याला पहिल्या अर्धाचा शेवट आठवला की दुसऱ्याचा शेवट हातात असतो, मधल्या मात्रा वृत्त भरून देते. शिवाय कीर्तनात आर्या एकदाच म्हणत नाहीत. बुवा पहिला अर्ध म्हणतात, थांबतात, निरूपण करतात, पुन्हा तोच अर्ध घोळवतात आणि मग दुसऱ्या अर्धाला हात घालतात. तोवर 'मानव ते' श्रोत्यांच्या कानात पुरते बसलेले असते. त्यानंतर येणारे 'मानवते' नवीन म्हणून ऐकू येत नाही, बदललेले म्हणून ऐकू येते. यमकाला हा मधला वेळ लागतो. कालिदासाच्या चौथ्या चरणात तो तीन अक्षरांइतका असतो, कीर्तनात पाच मिनिटांचाही असू शकतो.

आज आपल्यापर्यंत हे काव्य छापील पुस्तकांतून येते, आणि तिथे यमकाचे एक नुकसान झाले आहे. जुन्या पोथ्यांत अक्षरे सलग लिहीत, शब्दांमध्ये जागा सोडत नसत. वाचणाऱ्याला प्रत्येक ओळ स्वतःच तोडावी लागे, आणि यमक त्या तोडण्यावरच जगते. परशुरामतात्या गोडबोल्यांचे 'नवनीत' १८५४ मध्ये निघाले, पुढे शाळेची पुस्तके आली, आणि आपल्याला जुने काव्य शब्द सुटे करून, स्वल्पविराम देऊन वाचायची सवय लागली. वाचन सोपे झाले, पण 'सम जे'मधली मोकळी जागा डोळ्यांना दिसली की कोडे घालण्याआधीच उत्तर कळते. म्हणून यमक असलेला श्लोक पहिल्यांदा भेटताना पुस्तक स्वतःच्या हातात नसलेले चांगले. घरातल्या कोणालातरी तो मोठ्याने म्हणायला सांगावा, वृत्ताच्या चालीवर, शब्दांपाशी न थांबता. अर्थ विचारण्याची घाई करू नये. दुसऱ्यांदा म्हणून झाल्यावर पुस्तक मागून घ्यावे आणि आपण शब्द कुठे तोडले होते, ते छापलेल्या ओळीशी ताडून पाहावे.